पॉइंटचा दर आणि वायरिंगचा हिशेब

घराच्या वायरिंगचा खर्च महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पॉइंटवर ठरतो. बटणापासून दिव्यापर्यंत किंवा पंख्यापर्यंत जाणारी वायर, ती ज्यातून जाते तो पीव्हीसी पाइप, भिंतीतला डबा, वर बसणारे बटण आणि हे सगळे बसवण्याची मजुरी मिळून एक पॉइंट होतो. दिवा, पंखा किंवा बेल स्वतः त्यात धरत नाहीत. त्या वस्तू घरमालक वेगळ्या आणतो. दर मात्र सरासरीचा असतो. बोर्डाच्या डोक्यावरच्या दिव्याला आणि बाल्कनीच्या टोकाच्या दिव्याला ठेकेदार एकच पैसे लावतो. वायर किती गेली हे पाहिल्याशिवाय तो दर स्वस्त की महाग हे कळत नाही.

या लेखातले आकडे प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातील घराचे आहेत. जुन्या इमारतीतल्या दोन बेडरूमच्या त्या फ्लॅटचे सगळे वायरिंग 2024 मध्ये नव्याने केले गेले. भाव त्या वेळचे आणि त्या दुकानाचे आहेत. तांब्याचा भाव हलला की वायरचाही हलतो, म्हणून ठेकेदाराचे अंदाजपत्रक किती दिवस धरायचे हे आधीच लिहून घेतलेले बरे.

दिव्याच्या पॉइंटला सहसा दीडची वायर लागते, म्हणजे तांब्याच्या गाभ्याचा छेद 1.5 चौरस मिलिमीटर. तिची 90 मीटरची कॉइल 2,070 रुपयांना मिळाली, म्हणजे मीटरला 23 रुपये. बोर्डापासून हॉलच्या मधल्या दिव्यापर्यंतचा रस्ता भिंतीतून वर आणि छताकडून आडवा असा साधारण सहा मीटरचा होता. त्यातून फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची अशा तीन वायरी जातात, म्हणजे अठरा मीटर वायर, 414 रुपये. पाइप आणि बेंड धरून 170, बटण 45, प्लेट आणि डब्याचा वाटा 55, मजुरी 260. बेरीज 944 रुपये. दाराजवळच्या ब्रॅकेटचा रस्ता अवघा अडीच मीटरचा होता. तिथे वायर 173 रुपयांतच भागली. उलट बाल्कनीच्या दिव्याला नऊ मीटरच्या रस्त्यामुळे एकट्या वायरचेच 621 रुपये झाले. जवळच्या पॉइंटवर कमावलेले ठेकेदार दूरच्या पॉइंटवर घालवतो. एका पॉइंटवरून त्याच्याशी घासाघीस करण्यात म्हणून अर्थ नसतो.

खरा फरक पडतो तो मोजणीत. बोर्डावरच दिलेला पाच अँपिअरचा प्लग कोणी अर्धा पॉइंट धरतो, कोणी पूर्ण. अर्धा धरणेच रास्त आहे, कारण फेज आणि न्यूट्रल बोर्डात आधीच आलेले असतात. प्लगला लागते ती वीतभर वायर, सॉकेट आणि एक बटण. भिंतीवर वेगळ्या जागी दिलेला प्लग, म्हणजे टीव्हीमागचा किंवा फ्रिजचा, मात्र पूर्ण पॉइंट असतो. एक दिवा दोन जागांहून चालू-बंद करायचा असेल तर दुसऱ्या बटणापर्यंत जादा वायरी ओढाव्या लागतात, म्हणून त्याचा आणखी एक पॉइंट लावतात. डीबीपासून, म्हणजे एमसीबीच्या पेटीपासून, खोलीच्या बोर्डापर्यंत येणारी मेन लाइन पॉइंटमध्ये बसत नाही. ती मीटरवर मोजतात.

या फ्लॅटमध्ये 16 दिवे, 5 पंखे आणि 1 बेल असे 22 पॉइंट होते. बोर्डावरचे प्लग 14, वेगळे प्लग 4, आणि दोन बेडरूममध्ये पलंगाजवळच्या दुहेरी बटणांचे 2. पहिल्या ठेकेदाराने पॉइंटला 650 रुपये सांगितले, दुसऱ्याने 950. नुसते दर ऐकले तर पहिल्याकडे जावेसे वाटणे साहजिक आहे. पण पहिला बोर्डावरचे प्लगही पूर्ण मोजत होता, म्हणून त्याचे 42 पॉइंट झाले आणि 27,300 रुपये. तेरा बोर्डांच्या प्लेट आणि डबे तो वेगळे लावणार होता, प्रत्येकी 350. झिरी मारण्याचे, म्हणजे भिंत कापून पाइपासाठी खाच करण्याचे, फुटाला 15 रुपये. झिरी भरली 320 फूट. मेन लाइन 70 मीटर, मीटरला 170. हे सगळे मिळून 48,550 रुपये होत होते.

दुसऱ्याने प्लग अर्धे मोजले, म्हणून पॉइंट 35 झाले आणि 33,250 रुपये. प्लेट, डबे आणि झिरी त्याच्या दरातच होती. मेन लाइन त्याने मीटरला 160 ने लावली, 11,200 रुपये. एकूण 44,450. तीनशे रुपयांनी महाग वाटणारा दर चार हजारांनी स्वस्त पडला. दर विचारण्याआधी खोलीखोलीत फिरून पॉइंटची यादी करावी आणि ती एकच यादी सगळ्या ठेकेदारांना द्यावी, म्हणजे तुलना होऊ शकते.

पॉवर पॉइंट, ज्याला बाजारात पंधरा अँपिअरचा म्हणतात आणि ज्याच्या सॉकेटवर 16A छापलेले असते, त्याचा हिशेब वेगळा. त्याची वायर थेट डीबीतून येते आणि अडीचची असते. दहा मीटरच्या रस्त्याला अडीचच्या दोन वायरी आणि दीडची अर्थिंग मिळून 990 रुपयांची वायर जाते; पाइप, सॉकेट, बटण, प्लेट आणि मजुरी धरून या कामात दर 2,100 पडला. एसी आणि गीझरसाठी ठेकेदार सहसा चारची वायर सुचवतात आणि तसा पॉइंट 2,700 ला जातो. इथे थोडा विचार करण्यासारखा आहे. 2,000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट घेतो, 3,000 वॅटचा इन्स्टंट गीझर तेरा. हा भार अडीचची तांब्याची वायर सहज पेलते. लांबच्या रस्त्याच्या एसीला चारची देणे समजण्यासारखे आहे, पण डीबीच्या पलीकडच्या बाथरूममधल्या गीझरला ती देण्यात नुसते पैसे जातात. या घरात दोन एसींना चारची दिली आणि गीझरसकट बाकी सहा पॉवर पॉइंटना अडीचची.

कमी दराचे काम जिथे सांधले जाते ती जागा भिंतीच्या आत असते, आणि पाइप बुजल्यावर ती दिसत नाही. दीडऐवजी एकची वायर घालणे हा एक मार्ग. तो पकडणे सोपे आहे, कारण चांगल्या वायरीवर ठरावीक अंतराने कंपनीचे नाव, छेद आणि IS 694 हा मानकाचा क्रमांक छापलेला असतो. कोणत्याही बोर्डाची प्लेट काढून वायर बोटात फिरवली की छपाई वाचता येते. दुसरा मार्ग दिवे-पंख्यांची अर्थिंग वगळण्याचा, आणि तो इतका सर्रास आहे की कित्येक वायरमनना त्यात काही गैर वाटत नाही.

या कामात तो रिकाम्या खोक्यांवरून उघड झाला. बोर्डावरचे प्लग आणि मेन लाइन वगळता 26 पॉइंटना सरासरी पाच मीटरचा रस्ता आणि तीन वायरी धरल्या तर 390 मीटर होतात. दुहेरी बटणांचे 30 धरून 420. तुकडेतोड वेगळी. म्हणजे दीडच्या चार कॉइल संपून पाचवी फुटायला हवी होती. वायर ओढून झाली तेव्हा कोपऱ्यात खोकी होती चार. हॉलच्या पंख्याच्या डब्याचे झाकण उघडले तर आतून लाल आणि काळी अशा दोनच वायरी बाहेर आल्या. हिरवी नव्हती. वायरमनला विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, पंख्याला अर्थिंग कोण देतं? प्लगला दिली आहे ना."

पंख्याची बॉडी धातूची असते, बहुतेक दिव्यांच्या फिटिंगचीही. आतली वायर घासून बॉडीला टेकली आणि अर्थिंग नसेल, तर बिघाडाचा करंट जायला वाट मिळत नाही. बॉडी जिवंत होऊन तशीच राहते आणि शिडीवर चढून तिला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून ती वाट तयार होते. अर्थिंग असेल तर तो करंट तिच्यातून जातो आणि डीबीतला आरसीसीबी तेव्हाच पडतो. वाचवलेली वायर किती, तर 21 दिवे-पंख्यांची 105 मीटर, म्हणजे 2,415 रुपयांची.

अंदाजपत्रकात 'तीन वायरी' असे लिहिलेले होते, त्यामुळे वाद वाढला नाही. ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी दोन माणसे पाठवली. डब्यातून पोलादी स्प्रिंग पाइपात ढकलायची, ती बोर्डात निघाली की टोकाला हिरवी वायर चिकटपट्टीने घट्ट गुंडाळायची, आणि एकाने वरून ओढत असताना दुसऱ्याने खालून वायर सरळ सोडत राहायची. बहुतेक पाइपांत ती निघाली. बेडरूममधल्या एका पाइपात लागोपाठ दोन बेंड होते आणि स्प्रिंग तिथेच अडकत राहिली. शेवटी तेवढा हातभर पाइप पुन्हा फोडावा लागला. पाइप पुट्टीखाली जाण्याआधी डबे उघडून पाहिले, तर ही दुरुस्ती गवंड्याच्या एका थापीत भागते. रंग झाल्यावर तीच करायची म्हणजे भिंत परत रंगवणे आले.

डीबीचा खर्च पॉइंटच्या दराबाहेरचा. पेटी, 40 अँपिअरचा 30 मिलिअँपिअर संवेदनशीलतेचा आरसीसीबी आणि सर्किटांचे एमसीबी मिळून 7,000 रुपये गेले. झिरी बुजवण्याचे गवंड्याचे 4,500 वेगळे द्यावे लागले, कारण ठेकेदाराच्या दरात झिरी मारणे होते, बुजवणे नव्हते. हा तपशील अंदाजपत्रकात बहुधा लिहिलेला नसतो. विचारून घ्यावा लागतो.

पॉवर पॉइंटचे 18,000 धरून ठरलेला आकडा 69,450 होता, गवंडी सोडून. काम चालू असताना देवघरात आणि वॉशबेसिनवर एकेक दिवा वाढला, म्हणजे 1,900 रुपये. अंतिम बिल करताना ठेकेदार आणि घरमालक दोघांनी यादी हातात घेऊन बटणे पुन्हा मोजली आणि 71,350 वर सह्या केल्या. पैसे तीन टप्प्यांत दिले होते: पाइप बसल्यावर तीस टक्के, वायर ओढल्यावर चाळीस, उरलेले चाचणीनंतर. चाचणीत मेगर लावून वायरींचे इन्सुलेशन तपासले, प्रत्येक सॉकेटची अर्थिंग पाहिली, आरसीसीबीचे टेस्टचे बटण दाबून तो पडतो याची खात्री केली आणि परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट हातात आल्यावर शेवटचा हप्ता दिला.