पोलिसांचा कागद

भाडेकरू होण्याचा अनुभव आमच्या पिढीतील बहुतेकांना आहे. घरमालक होण्याचा फार थोड्यांना. मी आयुष्याची सव्वीस वर्षे दुसऱ्याच्या घरात काढली. घरमालकाशी कसे बोलावे, त्याच्या चेहऱ्यावरून भाडेवाढ कशी ओळखावी, हे सारे मला अवगत आहे. परंतु निवृत्तीच्या पैशातून वाकडला दोन खोल्यांचा एक फ्लॅट घेतला, आणि तो भाड्याने देण्याची वेळ आली तेव्हा माझ्या ध्यानात आले, की ह्या नाटकातील दुसरी भूमिका मी कधी पाठच केलेली नाही.

करार, अनामत, भाडे हे विषय अवघड असले तरी बोलण्याजोगे असतात. अडचण येते ती पोलिसांच्या कागदापाशी. समोर एक सुशिक्षित, सभ्य तरुण बसलेला आहे, आमच्या मंडळींनी त्याच्यापुढे चहा ठेवला आहे, आणि अशा वेळी ‘तुमची माहिती पोलिसांना द्यावयाची आहे’ हे वाक्य कसे उच्चारावे? चहाच्या पेल्यात मीठ पडावे तसे ते वाटते. 2025 सालच्या जून महिन्यात माझ्यासमोर जो गृहस्थ येणार होता, त्याच्या बाबतीत तर ही अडचण दुप्पट होती. तो मूळचा मालेगावचा, वडिलांचे यंत्रमाग, स्वतः हिंजवडीस एका कंपनीत अभियंता, पत्नी शिक्षिका. दलालाने फोनवर त्याचे नाव सांगितले आणि लगेच स्वतःच होऊन पुस्ती जोडली, ‘पण माणसे चांगली आहेत हो!’ त्या ‘पण’चा अर्थ वाचकांस सांगावयास नकोच. आता मी पोलिसांचे नाव काढले, की तो माझ्या तोंडी तोच ‘पण’ ऐकणार, ही मला धास्ती.

मग मी तो कागद म्हणजे आहे तरी काय, हे नीट समजून घेतले, आणि माझी निम्मी धास्ती तेथेच गेली. आपण बोलताना ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ म्हणतो, आणि त्या शब्दामुळे असे वाटते की पोलीस भाडेकरूची चौकशी करून तो निर्मळ असल्याचा दाखला देणार. प्रत्यक्षात चारित्र्याचा दाखला ही निराळीच गोष्ट आहे; तो ज्याचा त्याने स्वतः अर्ज करून मिळवावयाचा असतो. घरमालकाचा कागद म्हणजे केवळ वर्दी आहे. आमच्या घरात अमुक गृहस्थ अमुक तारखेपासून राहावयास येत आहेत, एवढेच तो सांगतो. त्यात आधी मालकाचे नाव नि पत्ता, मग जागेचा पत्ता, मग भाडेकरूचे नाव, छायाचित्र, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, नोकरीचे ठिकाण, आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांची नावे. हे सर्व आता संगणकावरूनही भरता येते.

शिवाय ही वर्दी देण्याचे बंधन आहे ते मालकावर. पोलीस आयुक्त तसा आदेश काढतात. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघे, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो. असा आदेश एरवी दोन महिन्यांहून अधिक चालत नाही, म्हणून तो पुन्हापुन्हा काढला जातो, आणि आपल्या भागात तो त्या दिवशी लागू आहे की नाही हे पाहून घ्यावे लागते. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली मालकच गुन्हेगार ठरतो. म्हणजे भिण्याचे कारण असलेच तर ते मला होते. माझ्या भाडेकरूला नव्हे.

एवढे कळल्यावर वाक्य आपोआप सापडले. मात्र ते केव्हा बोलावयाचे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पुष्कळ मालक घर दाखवितात, पैसे घेतात, किल्ल्या देण्याच्या दिवशी हळूच तो कागद पुढे करतात. त्यामुळे मधल्या दिवसांत काही तरी कानांवर आले आणि हा मनुष्य बिथरला, असेच भाडेकरूस वाटते. मी दलालाला बजावले, की जे कोणी घर पाहावयास येतील त्या सर्वांना फोनवरच हे सांगावयाचे, नाव विचारण्यापूर्वी. आणि तो गृहस्थ आल्यावर, घर पाहून होताच, पैशाची गोष्ट निघण्याआधी मी म्हणालो, “घर पसंत पडले तर दोन कागद होतील. एक अकरा महिन्यांचा करार. त्याची नोंदणी मला करावीच लागते. दुसरा, पोलिसांना द्यावयाची वर्दी. ती घरमालकाने द्यावयाची असते, न दिल्यास खटला माझ्यावर होतो. मी सगळ्यांनाच हे सांगतो आहे. तुमच्याकडून मला फक्त एक फोटो, ओळखपत्राची प्रत आणि दोन नावे हवीत.”

तो हसला. म्हणाला, “काका, त्या कागदाचे मला काही वाटत नाही. तीनदा भरला आहे. वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. सकाळी रिकामे असलेले घर, नाव सांगितल्यावर दुपारी ‘दिले गेलेले’ असते, त्याचे.”

ह्यावर मला काही बोलता आले नाही. मी नळ उघडून पाणी कसे येते ते दाखविले.

पुढचे काम सरळ झाले, तरी एकदोन खाचखळगे सांगण्याजोगे आहेत. आधारची प्रत त्याने दिली ती झाकलेल्या अंकांची, जीत शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि तीवर ‘भाडेकरार व पोलीस माहितीसाठी’ असे लिहून तारीख घातली. ही त्याची सावधगिरी मला आवडली. दुसऱ्याची कागदपत्रे आपल्या मोबाईलमध्ये वर्षानुवर्षे पडून राहणे चांगले नव्हेच. दुसरा खळगा हद्दीचा. मी कोथरूडचा रहिवासी, म्हणून दलाल निघाला होता ती वर्दी पुणे पोलिसांकडे द्यावयाला. परंतु 2018 च्या ऑगस्टपासून पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय वेगळे झाले आहे आणि वाकड त्याच्या हद्दीत येते. मालक कोठे राहतो हे नव्हे, जागा कोठे आहे हे पाहावयाचे. पोच हाती आल्यावर ठाण्याचे नाव, फ्लॅटचा क्रमांक आणि मोबाईलचे आकडे तपासावेत. पुष्कळ दलाल सवयीने स्वतःचाच क्रमांक घालून देतात.

राहता राहिला माझ्या मनातला खरा प्रश्न: हा मनुष्य भाडे वेळेवर देईल काय, शेजाऱ्यांशी नीट वागेल काय? तो पोलिसांच्या कागदाने सुटत नाही, सुटावा अशी अपेक्षाही नाही. ओळखीच्या दोन नावांत त्याने आपल्या पूर्वीच्या घरमालकिणीचे नाव दिले होते. त्याला विचारून मी त्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “भाडे पाच तारखेला, न चुकता. सोडताना भिंती रंगवून दिल्या. फक्त त्याची बायको गच्चीत कुंड्या फार ठेवते, पाणी खाली गळते.” एवढी नेमकी माहिती कोणत्याही कचेरीने मला दिली नसती.

नोंदणीच्या दिवशी एक मुलगा कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला. त्याने प्रथम माझा अंगठा घेतला, माझा फोटो काढला, मग त्यांचा. माझा अंगठा यंत्रास तीनदा लावूनही उमटेना; म्हातारपणी रेषा झिजतात म्हणे. शेवटी भाडेकरूने रुमाल ओला करून दिला, तेव्हा जमले. पोलिसांची पोच आली तिची एक प्रत मी त्याला दिली. त्याने ती पिशवीतून काढलेल्या एका धारिकेत, आधीच्या तीन पोचांच्या मागे लावली, आणि विचारले, “काका, गच्चीत कुंड्या चालतील ना?”