राइड सिंबलच्या मागे जरासं

प्रिय भाचेबाई,

तुझं सॅक्सोफोनचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. सूर पक्के आहेत, लयही कुठे सुटत नाही. तरी तुमचा ड्रमर म्हणतो की हे स्विंग होत नाहीये, आणि त्याचं खरं आहे. गंमत म्हणजे तू शिकवल्याबरहुकूम वाजवते आहेस, म्हणूनच असं होतंय.

कागदावर एट्थ नोट्स सगळ्या सारख्या दिसतात. सरळ लयीत त्या तशाच वाजतात: एका ठोक्याचे दोन समान भाग. स्टॅन गेट्झचं १९६२ मधलं ‘डेसाफिनाडो’ ऐक, बोसा नोव्हाची लय अशी सपाट चालते. पण पानाच्या डोक्यावर ‘स्विंग’ लिहिलं असलं की पहिली नोट लांबवायची आणि दुसरी आखडायची. क्लासात सांगतात, ठोक्याचे तीन भाग करा, दोन पहिलीला द्या, एक दुसरीला. आपल्याकडची तिस्र जाती कानात असली की हे लगेच जमतं. तुलाही जमलं, आणि तिथेच तू थांबलीस.

ते दोनास एक हे प्रमाण स्थिर नसतं. फ्रीबर्ग आणि सुंडस्ट्रॉम या स्वीडिश संशोधकांनी २००२ मध्ये नामवंत ड्रमरांच्या ध्वनिमुद्रणांतले राइड सिंबलचे ठोके मोजले. संथ लयीत लांब नोट आखूड नोटेच्या तिपटीहून मोठी निघाली. लय चढत गेली तसा फरक कमी होत गेला आणि अतिद्रुत लयीत दोन्ही जवळजवळ सारख्या झाल्या. मध्यम लयीच्या पुढे मात्र आखूड नोट साधारण १०० मिलिसेकंदांवर अडून राहते. लय वाढली की काट बसते ती लांब नोटेला. मिनिटाला २०० ठोके धर. एक ठोका ३०० मिलिसेकंदांचा, त्यातले २०० लांब नोटेला आणि १०० आखूड नोटेला. म्हणजे तुझ्या क्लासातलं प्रमाण ड्रमरकडे नेमकं या लयीच्या आसपास खरं ठरतं. ३०० वर ठोकाच २०० मिलिसेकंदांचा, म्हणजे दोन्ही नोटा सारख्याच. तिथे कुणी जोर लावून उड्या मारत वाजवलं तर हसू येतं.

पण हा झाला ड्रमरचा हिशेब. तू एकल वाजवतेस, तुझा हिशेब निराळा आहे. त्याच संशोधनात दिसलं की एकल वादक ड्रमरपेक्षा पुष्कळ सरळ वाजवतो. मग दोघं एकमेकांपासून फुटत का नाहीत? कारण वादक ठोक्यावरची नोट जराशी उशिरा टाकतो, पण ठोक्यांच्या मधली नोट ड्रमरच्या नोटेवर अचूक बसवतो.

वरच्याच लयीत मांडून बघू. सिंबल वाजते शून्यावर, २०० वर आणि पुन्हा ३०० वर. तू पहिली नोट ३० मिलिसेकंद उशिरा घेतलीस, दुसरी नेमकी २०० वर, आणि पुढच्या ठोक्यावरची पुन्हा उशिरा, ३३० वर. आता तुझी लांब नोट १७० ची आणि आखूड १३० ची. कागदावर मोजलं तर हे जवळजवळ सरळच म्हणायचं. पण सिंबलशेजारी ठेवलं की डौल येतो. गटिंगेनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एकल वादनातल्या ठोक्यावरच्या नोटा मुद्दाम अशा थोड्या मागे सरकवून जाणकारांना ऐकवले, तेव्हा तेच वादन त्यांना अधिक स्विंगदार वाटलं. मला यात नवल इतकंच वाटतं की वादकांनाही आपण हे करतो हे सहसा सांगता येत नाही.

तू मात्र ठोक्यावरची नोट सिंबलबरोबरच टाकतेस आणि वर दोनास एक पाळतेस, म्हणून दुडक्या चालीसारखं ऐकू येतं. शिवाय जोरही ठोक्यावरच देतेस. ती सवय उलटी कर: जिभेचा आघात मधल्या नोटेवर, तिथून पुढच्या ठोक्यावर श्वास न तोडता सरकायचं, आणि दोन नोटांमध्ये फट ठेवायची नाही. आखूड नोट तोडून वाजवलीस की लय हिसके खाते.

एक ताकीद. ‘मागे राहायचं’ म्हणून सगळंच मागे ढकलू नकोस. मधल्या नोटाही उशिरा आल्या तर ती नुसती रेंगाळलेली लय, आणि बँड तुझ्यासाठी थांबायला लागेल.

तालमीआधी ड्रमरला फक्त राइड धरायला सांग आणि त्यावर एखादी साधी स्वरपंक्ती वाजवून फोनवर टिपून घे. नंतर निम्म्या वेगाने ऐक. मधल्या नोटेला सिंबल आणि सॅक्सोफोनचा आवाज एकच आला पाहिजे. तिथे ‘ट्र’ असा दुहेरी आवाज आला तर तू चुकलीस. ठोक्यावर मात्र तो किंचित दुहेरीच यायला हवा. नवं रेकॉर्डिंग पाठव, पण या वेळी सिंबलचा माइक जरा वर ठेवा; मागच्या वेळी ती बेसखाली पार दबली होती.

तुझा,
मामा