विनू नावाचा माणूस

आमच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याची मुलाखत त्यांच्या नातवानं मोबाईलवर रेकॉर्ड केली होती. एक तास दहा मिनिटांची. ती टाईप करून घेतली आणि कागद तपासायला माझ्याकडे आले, कारण बोलणं अर्धं कोल्हापुरी मराठीत आणि अर्धं दखनीत होतं. टाईप करणाऱ्या मुलाला मराठी चांगलं येत होतं, दखनी अजिबात येत नव्हती. चौथ्या पानावर मला हा मजकूर भेटला:

चाचा : मी शहरीला उठल्तो. विनू रात्रपाळीला गेल्ता. तवा ठेवला अन् भांडी वाजाय लागली.

वाचताना यात काही खटकत नाही, आणि हीच अडचण आहे. ऐकू न आलेल्या जागी टाईप करणारा फुली मारतो, तिथं आपण थांबतो. चुकीचं ऐकलेलं मात्र नेहमी खऱ्या शब्दाचं रूप घेऊन येतं, म्हणून नजर त्यावरून घसरत जाते. विनू हे कोल्हापुरात कुणाचंही नाव असू शकतं.

मी आवाज लावला. वेग पाऊणपट केला, कानाला हेडफोन लावला, आणि वाक्य संपेपर्यंत कागदाकडे बघितलं नाही. हे मुद्दाम करावं लागतं. कागद आधी वाचला की कान तेच ऐकतो जे डोळ्यांनी वाचलंय. आधी ऐकायचं, मनात वाक्य म्हणायचं, मग कागद बघायचा. ध्वनिफितीवर वाक्य असं होतं:

चाची : मी सहरीला उठल्तो. इनो रात्रपाळीला गेल्ते. तवा ठेवला अन् भांडी वाजाय लागली.

तीन वाक्यांत चार चुका निघाल्या, आणि त्या एकमेकींना धरून आल्या होत्या.

‘सहरी’ची ‘शहरी’ झाली, कारण ज्याच्या घरी रोजे नसतात त्याच्या कानात तो शब्द नसतो. कान ओळखीच्या शब्दाकडे धावतो. याच मुलाखतीत पुढं मोहरमच्या ‘आलाव्याभोवती’ नाचण्याचं ‘ओलाव्याभोवती’ झालं होतं, ‘पंजे’ बसण्याचे ‘पंचे’ झाले होते आणि ‘खालानं भाकरी दिली’चं ‘खाल्लं न भाकरी दिली’. म्हणून तपासायला बसण्याआधी मी एक यादी करतो: सहरी, फातिहा, मेहर, इंतकाल, खाला, अब्बा. यातला प्रत्येक शब्द मराठीत कशासारखा ऐकू येईल ते शेजारी लिहितो. फायदा, माहेर, इंतजार, खाली, आबा. मग हे दुसऱ्या रकान्यातले शब्द कागदावर जिथं जिथं दिसतील तिथं ध्वनिफीत पुन्हा ऐकतो. ‘आबा’ आमच्या कोल्हापुरात घरोघरी असतात, त्यामुळे ‘अब्बा’ सर्वांत जास्त तिथंच हरवतात.

‘इनो’ म्हणजे दखनीत ‘हे’, आदरानं. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, ‘इनो’ म्हणते. टाईप करणाऱ्याला ‘विनू’ ऐकू आलं, आणि मग विनू एकटाच माणूस म्हणून ‘गेल्ते’चं ‘गेल्ता’ त्यानं स्वतःच करून टाकलं. चुकीचा शब्द शेजारच्या शब्दाला असा आपल्या मापाचा करून घेतो. म्हणून एक शब्द दुरुस्त केला की त्याच्या मागचं-पुढचं वाक्यही पुन्हा ऐकावं.

चौथी चूक मोठी होती, बोलणाऱ्याचं नाव. मुलानं ‘उठल्तो’ ऐकलं आणि पुरुष समजून ‘चाचा’ लिहिलं. पण कोल्हापूरच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात, हिंदू असोत की मुसलमान. पुण्याच्या व्याकरणानं कोल्हापूरचा बोलणारा ओळखता येत नाही. त्यातून मोबाईल चाचांच्या जवळ ठेवलेला, त्यामुळे त्यांचा आवाज मोठा आणि चाचींचा लांबून येणारा. जिथं शंका आली तिथं मोठ्या आवाजवाल्याचं नाव पडलं.

नावं तपासायची फेरी मी वेगळी करतो, शब्दांच्या फेरीत मिसळत नाही. आधी दोघंही एकेकटे निर्विवाद बोलतायत असे दोन-दोन मिनिटांचे तुकडे शोधून ऐकतो, म्हणजे आवाज कानात बसतो. मग मजकुरातला पुरावा बघतो. पाचव्या पानावर चाचा सांगतात, ‘त्या रात्री मी मिलात होतो, मशिनी बंद केल्या, सगळे बाहेर पळालो.’ एकच माणूस एकाच पहाटे घरी तवा ठेवत होता आणि गिरणीतही होता, हे शक्य नाही. असा विरोध सापडला की एका जागचं नाव चुकलंय हे नक्की. ‘इनो’ कळल्यावर कुठल्या जागचं, तेही नक्की झालं.

भांडी वाजली ती कोयनेच्या भूकंपानं. तो ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. त्या वर्षी रमजान डिसेंबरच्या सुरुवातीला लागला होता, म्हणजे पहिला आठवडा नुकताच सरला होता. डिसेंबरातल्या पहाटे सव्वाचारला जागी असलेली, चूल पेटवून बसलेली घरं म्हणजे रोजा धरणाऱ्यांची घरं. ‘शहरी’ शब्दानं ही सगळी गोष्ट पुसून टाकली होती.

सालाचं मात्र वेगळं झालं. कागदावर ‘अडुसष्ट साली’ होतं. मला वाटलं ‘सदुसष्ट’चं चुकीचं ऐकलंय. चार वेळा ऐकलं. चाचा स्पष्ट ‘अडुसष्ट’च म्हणतात. ही टाईप करणाऱ्याची चूक नाही, आठवणीची आहे, आणि ती दुरुस्त करायचा अधिकार तपासणाऱ्याला नाही. मजकुरात ‘अडुसष्ट’ ठेवलं आणि खाली टीप दिली की भूकंप १९६७चा. तसंच ‘उठल्तो’चं ‘उठले होते’ केलं नाही, ‘मैं बोल्या’चं ‘मैंने कहा’ केलं नाही. कागदानं काय बोललं गेलं ते सांगायचं असतं, काय बोलायला हवं होतं ते नाही.

दोघं एकदम बोलतात अशा सहा जागा होत्या. त्यातल्या चार सुटल्या. दोन ठिकाणी कितीही ऐकलं तरी शब्द लागेना, तिथं ‘अस्पष्ट’ लिहून मिनिट आणि सेकंद टाकले. अंदाजानं भरलेला शब्द पुढच्या माणसाला खरा वाटतो. रिकामी जागा त्याला निदान पुन्हा ऐकायला लावते. शेवटी सगळा मजकूर दोघांना मोठ्यानं वाचून दाखवला. एका गल्लीचं नाव चाचींनी तिथं दुरुस्त केलं, जे मला ध्वनिफितीत बरोबरच वाटलं होतं.

या सगळ्याला तीन संध्याकाळी लागल्या. आधीच्या कागदावर चाचींच्या नावावर जेमतेम साडेतीन पानं होती. तपासल्यावर ती अकरा झाली. भूकंप, चूल, शेजारणींना उठवणं, अंधारात पोरांना उचलून गल्लीत आणणं, हे सगळं त्यांचं होतं आणि नवऱ्याच्या नावावर चढलं होतं. नातू उद्या हे कागद आपल्या मुलांना देईल, तेव्हा त्या पहाटे घरात कोण जागं होतं हे त्यावर बरोबर लिहिलेलं असेल. विनू आता त्यात नाही.