सहावा आठवडा

आमचे भांड्यांचे दुकान घाऊक आणि किरकोळ दोन्ही चालते. एका वर्षी ताळेबंदात नफा असूनही दिवाळीच्या तोंडावर कारखानदाराचे पैसे चुकवण्यासाठी मला हातउसने घ्यावे लागले. ते मनाला लागले. पुढच्या वर्षी गणेशोत्सवाच्या सुमारास मी तेरा आठवड्यांचा, म्हणजे एका तिमाहीचा, रोख अंदाजाचा तक्ता मांडला.

मांडणी सोपी होती. प्रत्येक आठवड्याला एक रकाना. वर आरंभीची शिल्लक, खाली येणारी उधारी व रोख विक्री, त्याखाली कारखानदारांचे देणे, पगार, भाडे, हप्ते आणि कर. उरते ती अखेरची शिल्लक, आणि तीच पुढच्या आठवड्याची आरंभीची. घसारा यात येत नाही, कारण त्यासाठी तिजोरीतून पैसा जात नाही. उलट मागील महिन्याच्या विक्रीवरील जीएसटी येतो. उधारी वसूल झालेली नसली तरी तो २० तारखेला भरावाच लागतो.

पहिल्या मांडणीत सहाव्या आठवड्याअखेर १ लाख रुपये उरत होते. मी निश्चिंत झालो. वडिलांनी कागद पाहिला आणि विचारले, “पाचव्या आठवड्यात या तिघांचे ३ लाख धरलेस. दिवाळीचा गल्ला हाती आल्याशिवाय हे कधी देतात का?”

मी बिलावरील मुदत धरली होती. मग खातेवही उघडून प्रत्येकाने मागील वर्षी प्रत्यक्ष किती दिवसांनी पैसे दिले, ते पाहिले. ते ३ लाख नवव्या आठवड्यात गेले आणि सहाव्या आठवड्याचे रूप पालटले. आरंभी १ लाख ६० हजार, रोख विक्री १ लाख ४० हजार. देणे मात्र ५ लाख: कारखानदाराचे साडेतीन लाख, जीएसटी ९० हजार, हमाली, वाहतूक व हप्ता ६० हजार. तूट २ लाखांची!

परंतु अजून पाच आठवडे हाती होते. कारखानदाराला आधीच भेटल्यामुळे त्यांनी निम्मी रक्कम, १ लाख ७५ हजार, दहाव्या आठवड्यात घेण्याचे मान्य केले. तिघांपैकी एका दुकानदाराने एक टक्का सूट घेऊन १ लाखाऐवजी ९९ हजार पाचव्या आठवड्यातच दिले. सहाव्या आठवड्याअखेर ७४ हजार शिल्लक दिसू लागली.

तेव्हापासून दर सोमवारी सरलेला आठवडा काढून मी शेवटी नवा जोडतो आणि अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा लिहितो. दूरचे आठवडे ढोबळच राहतात. पण एखाद्याची उधारी लागोपाठ दोनदा पुढे सरकली, तर ती रक्कम मी तक्त्यातून काढून टाकतो. त्याला नवा माल पाठवण्यापूर्वी स्वतः जाऊन भेटतो.

वडील आजही तक्ता हाती घेतला की आधी उधारीचीच ओळ वाचतात.