मध्यक: सूत्रातला आणि आलेखातला

बरीच वर्षं माझं ठाम मत होतं की संचित वारंवारता वक्र म्हणजे वेळखाऊ चित्रकला. मध्यक काढायला सूत्र आहे, चार ओळींत उत्तर येतं, मग आलेख कागद, प्रमाण, ठिपके आणि पट्टी ही उठाठेव कशाला? दहावीच्या पुस्तकात आयतालेख आणि वारंवारता बहुभुज आहेत, ते मी शिकवायचो. संचित वक्राची गाठ मुलांना अकरावी वाणिज्यला चतुर्थक आणि शतमकांबरोबर पडते. तिथंही माझा सल्ला एकच असायचा: आधी सूत्रानं उत्तर काढा आणि मग वक्र असा काढा की तेच उत्तर येईल. आज मी हे उलट्या क्रमानं शिकवतो.

आष्ट्यात आकड्यांचं उदाहरण घ्यायचं तर उसाचंच. फळ्यावर मी नेहमी लिहितो ते आकडे मनातले आहेत, पण इथल्या कुणाला ते खटकणार नाहीत. 80 शेतकऱ्यांचा एकरी उतारा टनांत असा: 20 ते 30 मध्ये 6 जण, 30 ते 40 मध्ये 18, 40 ते 50 मध्ये 24, 50 ते 60 मध्ये 20, 60 ते 70 मध्ये 8 आणि 70 ते 80 मध्ये 4. खालून बेरीज करत गेलं की 6, 24, 48, 68, 76, 80. निम्मे म्हणजे 40. चाळिसावा माणूस 40 ते 50 या वर्गात बसतो आणि सूत्र सांगतं:

L + ((N/2 − cf)/f) × h = 40 + (16/24) × 10 = 46.67

एकदा हेच उदाहरण चालू असताना मुलाला न्यायला आलेले एक ऊसवाले दारात उभं राहून फळा वाचत होते. म्हणाले, "सर, माझा उतारा 55 पडला. माझ्या म्होरं किती जण हायत?" सूत्राकडं याचं तयार उत्तर नव्हतं. मुलं 50 ते 60 च्या चौकटीकडं बघत राहिली. एका मुलीनं मात्र आलेखावर 55 पासून पट्टी उभी धरली, वक्राला लागली तिथून आडवी नेली आणि 58 वाचलं. म्हणजे 80 पैकी सुमारे 22 जण पुढं. मध्यक काढताना आपण 40 पासून आडवे जाऊन खाली उतरतो, ती खालून वर गेली. एवढाच फरक.

त्यानंतर मी तो आलेख नीट पाहिला. (40, 24) आणि (50, 48) हे दोन ठिपके जोडणारी रेघ 10 टनांत 24 माणसं चढते. आपल्याला 24 वरून 40 पर्यंत, म्हणजे 16 माणसं चढायचं आहे. मग किती टन पुढं सरकायचं? 10 चे सोळा चोविसांश. सूत्रातले L, cf, f आणि h तिथंच पडलेले होते: रेघ सुरू होते ती जागा, तिथली उंची, तिची चढण आणि तिची रुंदी. सूत्र म्हणजे त्या एका रेघेवरचं त्रैराशिक. मी ज्याला अचूक आणि ज्याला ढोबळ म्हणत होतो, ती एकच गोष्ट होती.

आणि रेघ सरळ का? कारण त्या वर्गातली 24 माणसं 40 पासून 50 पर्यंत सारख्या अंतरानं पसरली आहेत असं आपण गृहीत धरतो. ती तशी नसतील तर? समजा त्यातली 16 जणं 43 च्या आतच आहेत. मग खरा मध्यक 43 च्या आसपास आला असता आणि सूत्रानं तरीही 46.67 च सांगितलं असतं, कारण वर्ग पाडताना ती माहिती कधीच सांडून गेली. आलेखावर मुलं "46 ते 47 च्या मधे" असं वाचतात तेव्हा मला ते आता जास्त प्रामाणिक वाटतं. दशांशचिन्हापुढचे दोन आकडे कुणाच्या शेतातून आलेले नाहीत. परीक्षेत मात्र ते लिहावे लागतात, त्याला इलाज नाही.

चुका होतात त्या ठिपक्यांच्या जागेत. वारंवारता बहुभुज काढताना ठिपका वर्गमध्यावर द्यायचा असतो, कारण तो त्या वर्गाचा प्रतिनिधी आहे. ती सवय हाताला लागली की मुलं संचित वक्रही वर्गमध्यावरच काढतात. पण "24 जण 40 पेक्षा कमी" हे विधान 40 पाशीच खरं आहे, 35 पाशी नाही. वर्गमध्यावर काढलेला वक्र दिसतो अगदी देखणा, चढतोही नीट, आणि मध्यक देतो 41.67. बरोबर अर्ध्या वर्गानं कमी. उत्तर सूत्रापेक्षा नेमकं अर्ध्या वर्गरुंदीनं घसरलं असेल तर दुसरीकडं शोधायलाच नको.

आयतालेखाबद्दलही माझं प्रेम थोडं ओसरलं. वरच्या तक्त्यातले शेवटचे दोन वर्ग एकत्र करून 60 ते 80 मध्ये 12 असं लिहा. मुलं 12 उंचीचा दुप्पट रुंद आयत काढतात आणि भरघोस उताऱ्याचे शेतकरी एकाएकी दुप्पट झाल्यासारखे दिसतात. आयतालेखात माणसं क्षेत्रफळात मोजायची असतात, म्हणून दर 10 टनांना 6 एवढीच उंची हवी. संचित वक्राला या जोडणीनं फारसं काही होत नाही. 70 वरचा ठिपका जातो, बाकीचे जागच्या जागी राहतात, मध्यक हलत नाही. बहुभुजाचं काम वेगळं. आडसाली आणि खोडवा यांचे उतारे एकाच कागदावर शेजारी बघायचे तर त्याच्यासारखं सोयीचं दुसरं नाही.

असमान वर्ग हा काही परीक्षकांचा खोडसाळपणा नव्हे. नीळकंठ रथ आणि साताऱ्यात जन्मलेले वि. म. दांडेकर यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जे पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात राष्ट्रीय नमुना पाहणीचे 1960-61 चे तक्ते वापरले आहेत. माणशी खर्चाचे ते गट गरिबांकडं अरुंद आणि श्रीमंतांकडं रुंद होत जातात. दिवसाला 2250 उष्मांक मिळण्याइतका खर्च कुठं पडतो ते ठरवायचं आणि त्याच्या खाली किती टक्के लोक आहेत ते बघायचं, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे 55 टनवाल्यांचाच प्रश्न, फक्त पट्टी रुपयांवर उभी धरलेली.

अशा तक्त्यांचा शेवटचा वर्ग बहुधा उघडा असतो: अमुक रुपये आणि त्याहून जास्त. त्याला वरची मर्यादाच नाही. मध्य काढायचा तर त्या वर्गाचा वर्गमध्य अंदाजानं ठरवावा लागतो आणि तो अंदाज उत्तरात उतरतो. आयतालेखाचा शेवटचा आयत बंद करता येत नाही. संचित वक्रालाही शेवटचा ठिपका मिळत नाही, पण निम्म्याची आडवी रेघ त्याच्या कितीतरी आधीच वक्राला भेटलेली असते.