चौथा पर्याय



या वर्षी आमच्या धर्मशिक्षण गटाने बायबल प्रश्नमंजुषा मोबाइलवर घ्यायचे ठरवले. सुरतेत आपली बरीच मराठी कुटुंबे उधना, लिंबायत भागात राहतात. घरातली माणसे लूमवर पाळीने जातात, त्यामुळे सगळ्यांना एका वेळी सभागृहात बसवणे जमत नाही. म्हणून गुगल फॉर्म केला, वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि शनिवारी रात्रीपर्यंतची मुदत.

त्या रात्री एका आजोबांनी गटावर स्क्रीनशॉट पाठवला. प्रश्न होता: येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले, त्यांपैकी उपकार मानायला परत आलेला कोण होता? खाली तीन पर्याय दिसत होते: गालीली, परूशी, रोमी शिपाई. आजोबांनी लिहिले होते, "ताई, लूकचा सतरावा अध्याय वाचा. तो शोमरोनी होता. तुमच्या पेपरात बरोबर उत्तरच नाही."

आम्ही चित्र पाहिले. खरेच, तीनच पर्याय! टाइप करताना चौथा राहिला असणार, असे आम्हाला वाटले. उशीर झाला होता. आम्ही लगेच माफी मागितली आणि प्रश्न रद्द केल्याचे कळवले. गुण आता वीसऐवजी एकोणीसपैकी.

रविवारी मिस्सानंतर निकाल वाचला. दोन मुले सतरा-सतरा गुणांवर बरोबरीत आली. चिठ्ठी टाकली, पहिले बक्षीस मुलाला गेले. तेवढ्यात सातवीतली दुसरी स्पर्धक जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, तो प्रश्न बरोबर होता. माझ्या फोनमध्ये शोमरोनी पहिलाच होता." त्या मुलाचे ते उत्तर चुकले होते, तिचे बरोबर होते. प्रश्न रद्द झाला नसता तर तिचे अठरा झाले असते.

आजोबांच्या फोनवर तीन पर्याय आणि हिच्या फोनवर शोमरोनी पहिला, हे कसे? आम्ही आजोबांचा फोन मागितला, तोच प्रश्न उघडला आणि बोटाने पान वर सरकवले. खालून चौथे वर्तुळ आले: शोमरोनी.

गोष्ट अशी होती. स्क्रीनशॉट पूर्ण पानाचा निघत नाही, त्या क्षणी पडद्यावर जेवढे असते तेवढ्याचाच निघतो. नजर अधू म्हणून आजोबांनी अक्षरे मोठी ठेवली आहेत, त्यामुळे लांब प्रश्नाने जागा खाल्ली आणि शेवटचा पर्याय खाली गेला. अक्षर अर्धे कापले गेले असते तर कोणालाही शंका आली असती. पण पडद्याची कड नेमकी दोन पर्यायांमधल्या मोकळ्या जागेवर आली होती, म्हणून चित्र पूर्ण वाटले. बाजूची सरकपट्टीही मोबाइलवर बोट थांबले की नाहीशी होते. शिवाय नक्कल होऊ नये म्हणून पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी बदलण्याची सोय आम्हीच चालू केली होती. त्यामुळे आजोबांचा शेवटचा पर्याय मुलीचा पहिला झाला.

खूण मात्र चित्रातच होती, आम्ही पाहिली नाही. या फॉर्ममध्ये प्रत्येक प्रश्न पांढऱ्या चौकटीत असतो. चौकटीची खालची कड आणि तिच्याखालची रंगीत फट दिसली, तरच पर्याय संपले असे समजावे. आजोबांच्या चित्रात पांढरा रंग थेट तळापर्यंत गेला होता. चौकट संपलीच नव्हती.

आता आम्ही तीन गोष्टी पाळतो. प्रश्न आणि पर्याय आखूड ठेवतो. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी "एकूण चार पर्याय" असे लिहितो. आणि तक्रार आली की चित्रावर निर्णय न देता मूळ फॉर्म उघडून पाहतो. काही फोनमध्ये स्क्रीनशॉट घेतल्यावर तो खाली वाढवत नेण्याचे बटण येते, पण ते प्रत्येक फोनमध्ये आणि प्रत्येक पानावर मिळत नाही. नाही मिळाले तर थोडे सरकवून दुसरा फोटो घ्यावा, आणि पहिल्यातली शेवटची ओळ दुसऱ्यात वर दिसेल असे पाहावे.

पुढच्या रविवारी आम्ही सर्वांसमोर चूक सांगितली आणि मुलीला पहिले बक्षीस दिले. मुलाचेही परत घेतले नाही, कारण चूक त्याची नव्हती. आजोबा म्हणाले, "मी सरकवून पाहायला हवे होते." आम्ही म्हणालो, "आजोबा, तुम्ही वचन बरोबर वाचलेत. फॉर्म पाहण्याचे काम आमचे होते."

घरी जाताना एक गोष्ट मनात घोळत राहिली. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तरी प्रभूने विचारले की बाकीचे नऊ कुठे आहेत, आणि परत आलेल्या त्या एका परक्याला नजरेआड होऊ दिले नाही. आमच्या पडद्यावरून कडेबाहेर गेला तोही शोमरोनीच, आणि त्याच्याबरोबर एका मुलीचा गुण.