नागपंचमीच्या आतली राखी

श्रावण लागला की आमच्या असीरगडात वर्दळ वाढायची. किल्ल्यावरच्या महादेवाला जाणारी माणसं सोमवारी पहाटेच इंदूर-इच्छापूर रस्त्यावर बसमधून उतरायची. शेजारच्या हिंदी घरांचा सावन आमच्या श्रावणाआधी पंधरवडाभर लागायचा. राखीपौर्णिमा मात्र सगळ्यांची एकाच दिवशी. त्या दिवशी त्यांचा महिना संपायचा, आमचा अर्धा उरायचा. दोन्हीकडच्या बायकांना काळजी एकच: भावाची राखी वेळेत पोचेल ना?

आईचा नियम ठरलेला होता. नागपंचमीच्या आत राखी पेटीत पडलीच पाहिजे. पंचमीपासून पौर्णिमेपर्यंत दहा दिवस मिळतात, आणि पुण्याच्या मामाला पाकीट मिळायला तेवढे पुरेसे असत, मध्ये एखादी सुट्टी आली तरी. राखीबरोबर ती कुंकवाची पुडी घालायची. पुडीला दुहेरी घडी, आणि कुंकू कोरडंच, कारण ओल्या कुंकवाचा डाग पत्रावर उमटतो. अक्षता ती तिकिटापासून लांबच्या कोपऱ्यात सरकवायची, पोस्टाचा ठप्पा बसला तरी दाणे फुटू नयेत म्हणून. गोड म्हणून खडीसाखरेचे चार खडे. त्याहून जास्त काही त्या पाकिटातून जाऊच शकत नव्हतं, याची तिला फार हळहळ वाटे. मामाला दराबा आवडायचा.

ती हळहळ आता माझी भाची भरून काढते. बुऱ्हाणपुरात ती राखीचे हॅम्पर करते. आषाढ संपता संपता मोबाईलवर तिची पोस्ट येते: डब्याचा फोटो, आत काय काय आहे ते, आणि खाली ठळक अक्षरांत ‘ऑर्डरची शेवटची तारीख’. ती पोस्ट दिसली की मला आईचं पाकीटच आठवतं.

“मावा जिलेबी का नाही गं ठेवत? आपल्या गावची ओळख ती,” मी एकदा विचारलं.

“मावशी, श्रावणातल्या दमट हवेत मावा दोन दिवसही धड राहत नाही. वाटेतच आंबेल. दराबा चालतो.”

दराब्यात रवा, साखर आणि साजूक तूप, दूध किंवा मावा नाही, म्हणून तो टिकतो. पण तुपाची वेगळीच कटकट. उन्हात उभ्या गाडीत डबा तापला की तूप पाझरतं, पुठ्ठ्यावर तेलकट वर्तुळं दिसू लागतात आणि राखीचा रेशमी दोरा डागाळतो. पहिल्या वर्षी एका ताईंची राखी अशीच तुपाळून पोचली. तेव्हापासून दराबा घट्ट झाकणाच्या डब्यात जातो, राखी आणि कुंकू वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्यांत वर. मोकळ्या जागेत केळ्याच्या चिप्सचं पाकीट ती दाबून नाही, अलगद बसवते. इथल्या केळीच्या बागा ज्यांनी पाहिल्यात त्यांना त्या चिप्स हव्याच असतात.

शेवटची तारीख ती कशी काढते ते मी तिच्याजवळ बसून पाहिलं आहे. पौर्णिमेपासून मागे मागे यायचं. 2024 मध्ये राखी सोमवारी, 19 ऑगस्टला होती. आदला दिवस रविवार, तो धरायचा नाही. म्हणजे पुण्यात डबा शनिवारी 17 तारखेपर्यंत पोचायला हवा. वाटेत गुरुवारी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. कामाचे चार दिवस प्रवासाला धरले, तर डबा सोमवारी 12 तारखेला हातातून सुटला पाहिजे. रविवारी दराबा करून, गार करून भरायचा. गरम भरला तर झाकणाला वाफ धरते. म्हणून ऑर्डर घेणं शनिवारी 10 तारखेला बंद.

मी कॅलेंडर उघडलं. त्या वर्षी नागपंचमी 9 तारखेला होती. आईचा नियम आणि भाचीचा हिशेब यांत एका दिवसाचा फरक! आईनं कधी गुरुवार-रविवार मोजले नव्हते, तिनं फक्त पंचमी पाहिली होती. मला इतका आनंद झाला की मी भाचीला जवळ घेतलं.

तारखेनंतरही फोन येतातच. कुणाचा भाऊ नुकताच सुरतेला बदलून गेलेला असतो, कुणाला पत्ता उशिरा कळतो. त्यांना ती हॅम्परचं वचन देत नाही. “ताई, नुसती राखी आजच पोस्टाच्या वॉटरप्रूफ पाकिटात घालून स्पीड पोस्टानं पाठवा. दराबा मी मागाहून पाठवते, तो राखीनंतर पोचला तरी भाऊ खाईलच,” असं ती स्पष्ट सांगते. पैसे घेऊन उशिरा पोचवण्यापेक्षा हे मला फार आवडतं.

माझ्या भावाचा डबाही तीच पाठवते. पत्र मात्र मी हातानं लिहून पंचमीच्या आधी तिच्याकडे देते, आणि ती ते कुंकवापासून दूर, डब्याच्या तळाशी ठेवते.